बटण दोनदा दाबावं लागतं, म्हणून किरकोळ?

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. कापूस वेचणीच्या सुरुवातीची सीतादहीची पूजा होऊन गेलेली, जिनिंगच्या फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत कापसाच्या ट्रॉल्यांची रांग. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये आमचं सॉफ्टवेअर चालतं. ट्रॉली धरमकाट्यावर चढली की वजन संगणकात घ्यायचं, पावती छापायची, आणि संध्याकाळी कास्तकारांच्या चुकाऱ्याची, म्हणजे द्यायच्या पैशांची, यादी काढायची, एवढंच त्याचं काम. त्या सोमवारी सकाळी तिथल्या मुनीमजींची दोन तिकिटं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाच्या तक्रारी, आली होती.

पहिलं: "पावतीवर नाव अर्धं छापते." गंभीरता: अतिगंभीर.

दुसरं: "वजनाचं बटण दोनदा दाबावं लागते." गंभीरता: किरकोळ.

आमच्याकडे नव्या बगांची, म्हणजे अशा बिघाडांची, छाननी मी करते. डेव्हलपर माझ्या खांद्यावरून वाचत होता. पहिल्यावर तो हसला आणि दुसऱ्यावर म्हणाला, "हे बरोबर लावलंय." मलाही तसंच वाटलं होतं. पुढच्या दोन दिवसांत आमची समजूत पार उलटली. बग नोंदवणारा आणि बग दुरुस्त करणारे यांची मतं जुळत नाहीत तेव्हा नेमकं काय करायचं, हे या दोन तिकिटांवरून जितकं नीट सांगता येईल तितकं व्याख्या पाठ करून सांगता येणार नाही.

तरी व्याख्या थोडक्यात सांगते, कारण घोळ तिथेच सुरू होतो. बगला दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात. हा बग घडला की नुकसान किती होतं? ही सिव्हेरिटी, म्हणजे गंभीरता. आणि हा आपण कधी हातात घ्यायचा? ही प्रायोरिटी, म्हणजे कामाचा क्रम. आमच्याकडे दोन्हींना चार पायऱ्या आहेत, `S1` ते `S4` आणि `P1` ते `P4`, एक सर्वांत वरची. गंभीरता बगच्या अंगात असते, उद्या सणाची सुट्टी आहे म्हणून ती घटत नाही. क्रम मात्र हंगाम, हातातली माणसं, पुढची आवृत्ती कधी जाणार आणि दुरुस्तीला किती वेळ लागणार यावर रोज बदलू शकतो. मुनीमजींना आमच्या फॉर्मवर एकच रकाना दिसत होता. मग त्यांनी दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एकाच रकान्यात भरलं, यात त्यांची काय चूक?

बगझिलासारख्या जुन्या बग-नोंदणीच्या प्रणालीत हे दोन रकाने वेगळे आहेत. पहिला बग किती वाईट आहे ते सांगतो, दुसरा ज्याच्याकडे काम आहे त्याच्या नियोजनासाठी. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पात बगला प्रायोरिटीचा रकानाच नाही, फक्त गंभीरतेच्या सात पायऱ्या: `critical`, `grave`, `serious`, `important`, `normal`, `minor` आणि `wishlist`. तिथली एक गोष्ट मला फार पटते. यातल्या वरच्या पायऱ्या "खूप वाईट", "जरा वाईट" अशा विशेषणांवर उभ्या नाहीत. `grave` कधी म्हणायचं? ते पॅकेज, म्हणजे तिथला एखादा प्रोग्राम, वापरताच येत नसेल, किंवा त्याने डेटा जात असेल, किंवा ते वापरणाऱ्याच्या खात्यात दुसऱ्याला शिरकाव मिळत असेल तर. म्हणजे वाद "मला किती त्रास झाला" यावर राहत नाही, "डेटा गेला का?" यावर येतो, आणि त्याचं उत्तर तपासता येतं.

आता बटणाकडे येऊ.

किरकोळ म्हणून आलेलं तिकीट तसंच मान्य करणं सर्वांत सोपं असतं. तक्रारदार स्वतःच काही नाही म्हणतो, मग आपण कशाला वाढवा? पण मला "दोनदा" हा शब्द खटकला. एकदा दाबलं की काय होतं हे तिकिटात नव्हतं. काहीच होत नाही, की काहीतरी वेगळं होतं? या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी फोन लावला.

"मुनीमजी, आत्ता काटा रिकामा आहे का?"

"हाव ताई, आत्ताच एक ट्रॉली उतरली."

"मग बटण एकदाच दाबा. स्क्रीनवर काय येतं?"

"पाच हजार एकशे वीस."

"रिकाम्या काट्यावर?"

"ते मागच्या ट्रॉलीचं वजन हाय ना ताई. ते त येतेच. आता दुसऱ्यांदा दाबलं का शून्य येते, पाहा. आलं."

"ते त येतेच" हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

झालं होतं असं. काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजनाचे लाल आकडे दाखवणाऱ्या डब्याला, संगणकाकडून केबलवाटे आज्ञा जाते की वजन सांग. तो क्षणभराने उत्तर पाठवतो. आमचा प्रोग्राम आज्ञा पाठवल्या पाठवल्या, उत्तराची वाट न पाहता, पोर्टमध्ये, म्हणजे ती केबल संगणकाला जोडलेली असते तिथे, जे काही पडलेलं असेल ते उचलत होता:

```
port.write(b"W\r\n")
line = port.read(port.in_waiting)
```

पडलेलं काय असायचं? मागच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचं उशिरा आलेलं उत्तर. आताचं उत्तर त्यानंतर यायचं आणि पुढच्या बटणाची वाट बघत बसायचं. म्हणून पहिल्या दाबाला मागच्या गाडीचं वजन, दुसऱ्या दाबाला या गाडीचं. मुनीमजींच्या बोटांना ते दोन दिवसांतच समजलं आणि त्यांनी दोनदा दाबायची सवय लावून घेतली. त्यांच्या हातून एकही पावती चुकली नाही. म्हणून त्यांच्या लेखी बग किरकोळ, आणि त्यांच्या अनुभवापुरतं ते खरंही होतं.

आम्हीही इथेच फसणार होतो. गंभीरता ठरवताना सगळेच एक प्रश्न विचारतात: यातून वाट काढता येते का? वाट असली की गंभीरता एक पायरी खाली. नियम बरा आहे, पण त्याला एक अट लागते आणि ती बहुतेक तक्त्यांत लिहिलेली नसते. ती वाट ज्याला ठाऊक नाही, त्याला निदान काहीतरी चुकतंय एवढं तरी दिसलं पाहिजे. एकदा बटण दाबून स्क्रीन कोरी राहिली असती तर नवखा माणूस अडला असता, त्याने कोणाला तरी विचारलं असतं. इथे स्क्रीनवर आकडा येत होता, नीटनेटका, खरा वाटणारा, कोणत्या तरी खऱ्या ट्रॉलीचा. फक्त या ट्रॉलीचा नाही.

मी विचारलं, "तुमच्याशिवाय काट्यावर कोण बसतं?"

"मी जेवाले गेलो का भाचा बसते. नवीन हाय."

भाचा एकदाच दाबत होता.

आता एक गाडी चुकली की काय होतं ते पाहा. आधीची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट 5,120 किलो, नंतरची 4,780 किलो. दुसऱ्या कास्तकाराच्या पावतीवर 5,120 छापलं, म्हणजे 340 किलो जास्त. क्विंटलला 7,000 रुपये भाव धरला तर 23,800 रुपयांचा फरक. इथे तो कास्तकाराच्या बाजूने गेला, पण त्याच्या मागची ट्रॉली आणखी जड असली तर तिच्या पावतीवर 4,780 येणार आणि त्या माणसाचं वजन कमी लागणार. त्याला ते कळणारही नाही, कारण घरून निघताना कापूस मोजून कोण आणतो?

मग इतके दिवस ते उघडकीला कसं आलं नाही? दुपारी भरलेल्या आणि रिकाम्या गाड्या आलटून पालटून काट्यावर येतात. भरलेल्या गाडीला आधीच्या रिकाम्या ट्रॉलीचं वजन लागलं की आकडा भरलेल्या गाडीला न शोभणारा इतका कमी येतो आणि प्रोग्राम तिथेच अडतो. भाचा गोंधळून पुन्हा दाबायचा, आणि दुसऱ्या दाबाला बरोबर आकडा यायचा. पण रांग मोठी असली की भरलेल्या गाड्या एकामागे एक येतात. तिथे आकडे एकमेकांच्या जवळचे असतात आणि काहीच अडत नाही. म्हणजे गर्दी जितकी जास्त तितकी चूक लपलेली.

आम्ही डेटाबेसमध्ये लागोपाठच्या दोन भरलेल्या वजनांचा आकडा तंतोतंत सारखा कुठे आहे ते शोधलं. त्यातून फक्त सुरुवात सापडते. भाच्याची पहिली पावती मुनीमजींच्या शेवटच्या पावतीसारखी असते, पण त्यापुढे प्रत्येक वजन एकेक गाडी सरकलेलं असतं, तिथे सारखेपणा दिसत नाही. सुदैवाने त्या जिनिंगमध्ये जुनी पद्धत मोडलेली नव्हती. डब्यावरचा आकडा काट्यावरच्या वहीत पेनाने लिहीत असत. ती वही आणि आमच्या पावत्या समोरासमोर ठेवल्यावर अकरा पावत्या चुकलेल्या निघाल्या, काही जास्तीच्या, काही कमीच्या. चुकारा अजून व्हायचा होता म्हणून निभावलं. वही नसती तर त्या अकरा पावत्या कशा हुडकल्या असत्या, हे मला आजही सुचत नाही.

तिकीट किरकोळवरून `S1` वर गेलं, क्रम `P1`. नोंदवणाऱ्याने लावलेली गंभीरता आम्ही तीन पायऱ्या चढवली. दुरुस्ती छोटी होती. आधीचं साचलेलं फेकून द्यायचं, मग विचारायचं, आणि पूर्ण ओळ येईपर्यंत थांबायचं:

```
port.reset_input_buffer()
port.write(b"W\r\n")
line = port.readline()
```

यातही एक मेख आहे. केबल सुटली तर उत्तर येणारच नाही आणि प्रोग्राम थांबून राहील, म्हणून थांबायची मर्यादा घालावी लागते आणि ती उलटली की "वजन मिळालं नाही" असं ठळक दाखवावं लागतं, जुना आकडा नाही. नवी आवृत्ती संध्याकाळी गेली. तोवर मुनीमजींनी स्क्रीनच्या कडेला कागद चिकटवला होता: "दोनदा दाबा. वहीत लिहा."

आता अर्ध्या नावाचं तिकीट. याची कथा उलटी आहे.

डेव्हलपरचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होतं. डेटाबेसमध्ये पूर्ण नाव आहे, वजन बरोबर आहे, रक्कम बरोबर आहे, फक्त छापताना नाव वीस अक्षरांवर कापलं जातं. `S3`. पुढच्या महिन्याच्या आवृत्तीत घेऊ, `P3`. मी तसं लावलंही. अर्ध्या तासात मुनीमजींचा फोन.

"ताई, तुमी त किरकोळ करून टाकलं. इकडं दर चुकाऱ्याले लाइन लागून राहते."

"पण मुनीमजी, संगणकात नाव पूर्ण आहे ना?"

"संगणकात हाय. पावती कास्तकाराच्या हातात हाय."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. चुकारा मंगळवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. त्या दिवशी शे-दीडशे माणसं पावती घेऊन खिडकीवर येतात. एका गावात नाव आणि वडिलांचं नाव सारखं असलेली दोन माणसं निघतात, आडनावावरून ती ओळखायची. आणि आमच्या पावतीवर नेमकं आडनावच कापलेलं. मग प्रत्येकाला थांबवून संगणकात शोधायचं. कोणाच्या पैशाला धक्का लागत नव्हता, पण खिडकीवर दर मंगळवारी भांडण होत होतं.

वीस अक्षरं पुरायला हवीत असं डेव्हलपरला वाटत होतं, आणि इथे आमचीही एक गंमत झाली. प्रोग्राम अक्षरं मोजतो ती आपण मोजतो तशी नाही. "ज्ञानेश्वर" आपल्याला चार अक्षरांचं वाटतं: ज्ञा, ने, श्व, र. संगणक ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे दहा मोजतो. म्हणजे ज्ञानेश्वरांची निम्मी जागा स्वतःच्या नावातच संपली, वडिलांच्या नावात उरलेली संपली, आडनाव पावतीबाहेर. डेव्हलपरने चाचणीला "राम पाटील" वापरलं होतं. त्यात काय कापलं जाणार?

मग या तिकिटाचं काय केलं? गंभीरता `S3` च ठेवली आणि क्रम `P1` केला. मुनीमजींना हवं होतं ते झालं, पण त्यांनी मागितलेल्या रकान्यात नाही. यावरून आमच्यात खटका उडाला. डेव्हलपर म्हणाला, आधी करायचंच आहे तर `S1` म्हण आणि मोकळी हो. अशी सोय बऱ्याच ठिकाणी करतात. मी अडून बसले, कारण आमच्याकडे `S1` ला एक अर्थ आहे: तो उघडा असेल तर नवी आवृत्ती कोणत्याही ग्राहकाकडे जात नाही. नाव कापलं जातं म्हणून बाकी सगळ्या जिनिंगांचं अपडेट अडवायचं का? आणि एकदा घाईच्या कामाला `S1` म्हटलं की खरा `S1` आला तेव्हा कोणी मान वर करून पाहणार नाही. घाई सांगायला क्रमाचा रकाना आहे, तो वापरावा.

क्रम वर का गेला, तर तीन कारणांनी. मंगळवार दुसऱ्याच दिवशी होता. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती: अक्षरं मोजून कापण्याऐवजी छापलेल्या ओळीची रुंदी मोजायची आणि मावलं नाही तर नाव दुसऱ्या ओळीवर न्यायचं. आणि "पुढच्या महिन्यात" हा शब्द आमच्या कार्यालयात जितका लहान वाटतो तितका जिनिंगमध्ये नसतो. कापूस जोरात येतो तो तीन-चार महिने, त्यातला एक महिना म्हणजे किती मंगळवार?

आता त्या अर्ध्या तासात आलेल्या फोनबद्दल, कारण खरी चूक माझी तिथे झाली. मुनीमजींचं "अतिगंभीर" मी `S3` केलं तेव्हा तिकिटावर एक शब्दही लिहिला नव्हता. त्यांना फक्त बदललेला शेरा दिसला. डेबियनमध्ये एका ओळीच्या मेलने गंभीरता बदलता येते, अशी:

```
severity 123456 minor
```

आणि ज्याला पटत नाही तो तसाच मेल पाठवून ती परत चढवू शकतो. कारण न लिहिता बदललं की अशी रस्सीखेच ठरलेली. त्यानंतर मी एक रीत धरली. काय समजलं, काय बदललं आणि का, आणि काय कळलं तर पुन्हा बदलू, एवढं तिकिटावर साध्या मराठीत लिहायचं. नावाच्या तिकिटावर नंतर लिहिलं ते असं: "पावतीवर आडनाव कापलं जातं, त्यामुळे चुकाऱ्याच्या दिवशी खिडकीवर माणूस ओळखायला वेळ लागतो, असं समजलं. वजन आणि रक्कम बरोबर आहे म्हणून गंभीरता मधली ठेवली आहे. पण उद्या चुकारा आहे म्हणून काम आजच घेतलं आहे. नावामुळे एकाचे पैसे दुसऱ्याला गेल्याचा एकही प्रकार झाला असेल तर लगेच कळवा, मग गंभीरता वाढवू." शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. समोरच्याला कळतं की वाद त्याच्या शब्दाशी नाही, आणि मत बदलायला कोणती माहिती लागेल तेही कळतं.

नोंदवणाऱ्याने मुळात काय लावलं होतं तेही आम्ही आता पुसत नाही, वेगळ्या रकान्यात ठेवतो. दोन्हींत फार अंतर दिसलं, वर किंवा खाली, की फोन करायचा. बहुतेक वेळा एका बाजूला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्या बाजूला माहीत नसते. खिडकीवरची रांग आम्हाला दिसत नव्हती, पोर्टमध्ये पडून राहिलेलं उत्तर मुनीमजींना दिसत नव्हतं.

सगळं "अतिगंभीर" लावणारे ग्राहकही असतात. मुनीमजींना मी नंतर विचारलं की नावाला एवढा मोठा शेरा का दिला. ते म्हणाले, "मांगच्या साली सामान्य लिहिलं होतं. दोन महिने कोनी पाह्यलं नाही." आता यावर काय बोलणार? फॉर्ममधला गंभीरतेचा रकानाच आम्ही त्यांच्यासाठी काढून टाकला. त्याऐवजी तीन प्रश्न आहेत: काम थांबलं का? एखादा आकडा चुकीचा दिसतो का, एकदाही? आणि कोणत्या दिवसापर्यंत असं चालवून घेता येईल? बटणाच्या तिकिटात दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी "हो, पहिल्यांदा" लिहिलं असतं. गंभीरता आम्ही लावतो, क्रम तिसऱ्या उत्तरावरून ठरवतो. एकाच जिनिंगची पाच कामं "आजच" अशी आली तर त्यांनाच विचारतो की यातलं उद्यावर कोणतं ढकलू. हा प्रश्न विचारला की क्रम आपोआप लागतो, फक्त तो विचारताना आवाजात कुरबूर नको.

सगळी तिकिटं अशी गोडीत मिटत नाहीत. त्याच आठवड्यात मुनीमजींचं तिसरं तिकीट आलं. चुकाऱ्याची यादी गाववार हवी होती, आमची पावती क्रमांकाने निघते. त्यांच्या मते ते तातडीचं होतं. यादीचा सगळा भाग नव्याने लिहावा लागणार होता, आणि हंगामाच्या मधोमध रकमेच्या हिशेबाला हात लावायची माझी तयारी नव्हती. मी `S4`, `P3` लावलं, कारण लिहिलं, आणि सांगितलं की कापसाचा हंगाम संपून उलंगवाडी झाल्यावर घेऊ.

"तवा तुमी इसरसान," ते म्हणाले.

मी तिकिटावर 1 मार्च ही तारीख घातली. थोड्या वेळाने त्यांच्याकडून फोटो आला. काट्यावरच्या त्याच वहीचं शेवटचं पान होतं, त्यावर पेनाने तीच तारीख आणि खाली माझं नाव.